मैत्रिणीच्या निरोपाचं भाषण: शुभेच्छा खोडून आठवणी लिहिताना

२२ डिसेंबरला माझ्या मैत्रिणीचा पासपोर्ट जर्मनीचा व्हिसा लागून घरी आला. १९ जानेवारीचं विमान ठरलं, १ फेब्रुवारीला तिकडच्या रुग्णालयात रुजू व्हायचं. ती परिचारिका आहे. आमचं गाव हर्णैजवळ, तिची नोकरी दापोलीत. जायच्या आधीच्या रविवारांपैकी ११ जानेवारी सगळ्यांना जमत होता, म्हणून त्या संध्याकाळी वाडीतल्या देवळाच्या सभामंडपात छोटा कार्यक्रम करायचा ठरला. तिच्या मुंबईच्या मावसभावाने फोन करून मला सांगितलं, "तीन मिनिटांचा टोस्ट कर, शेवटी सगळे ग्लास वर करतील." ग्लासात कोकम सरबत असणार होतं, पण बोलणं मात्र माझ्याकडे आलं होतं.

मी बँकेत काम करते. चार लोकांसमोर बोलायची सवय मला नाही, आणि जिच्याबद्दल बोलायचं ती माझी पाचवीपासूनची मैत्रीण. आपल्याकडे आता घराघरातून कुणी ना कुणी बाहेर जातंय, आणि मग कुणावर तरी हे काम येतं. माझं कसं झालं ते क्रमाने लिहिते.

पहिला मसुदा नाताळच्या सुट्टीत अर्ध्या तासात झाला. त्यातली सुरुवात अशी होती:

"आज आपल्या सर्वांची लाडकी मैत्रीण उज्ज्वल भविष्यासाठी सातासमुद्रापार झेप घेत आहे. तिच्या जिद्दीला आणि परिश्रमांना अखेर यश आले. तिच्या पंखांना बळ मिळो, ती यशाची नवनवी शिखरे सर करो. मात्र कितीही उंच गेलीस तरी आपल्या मातीला विसरू नकोस."

रात्री आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "छान आहे. आपल्या तलाठी भाऊंच्या निरोपाला पण असंच होतं." ती सहज बोलली, पण मी वही घेऊन प्रत्येक वाक्यात मैत्रिणीच्या जागी तलाठी भाऊ घालून पाहिले. 'सातासमुद्रापार' एवढा एक शब्द सोडला तर सगळं त्यांनाही लागू होत होतं. पुढे प्रत्येक मसुद्याला मी हीच चाचणी लावली. नाव बदलून वाक्य जसंच्या तसं उभं राहिलं तर ते खोडायचं.

शेवटचं वाक्य मी वेगळ्या कारणाने काढलं. 'मातीला विसरू नकोस' हे ऐकायला गोड वाटतं, पण जाणाऱ्या माणसाला ती ताकीद असते. ही मुलगी गेले दोन महिने आईच्या गोळ्यांचं वेळापत्रक भिंतीला लावत होती, गॅस सिलिंडर कोण आणणार हे ठरवत होती. तिला भरल्या मांडवात आठवण ठेवायला सांगायची काय गरज?

मग प्रश्न आला की खोडलेल्या जागी काय लिहायचं. आमचा चौघींचा शाळेपासूनचा गट आहे. एक चिपळूणला, एक पुण्यात, आम्ही दोघी इथे. २८ डिसेंबरला मी इतर दोघींना फोन केले. आधी विचारलं, "तिच्याबद्दल काय सांगशील?" उत्तर आलं, "खूप प्रेमळ आहे गो, सगळ्यांना मदत करते." हे पुन्हा तलाठी भाऊंच्याच वळणाचं. मग मी प्रश्न बदलला: "ती असं नेहमी काय म्हणते? तिच्या हातात नेहमी काय असतं? तिच्यावर तू शेवटची कधी चिडलीस?" यावर मात्र दोघी तासभर बोलल्या. चिपळूणवालीला ती शाळेच्या एसटीत काय ओरडायची ते आठवलं, पुण्यातलीला तिची हिरवी फाईल. कुणाला आठवणी विचारायच्या असतील तर स्वभाव विचारू नका. वस्तू, वाक्य आणि भांडण विचारा, स्वभाव त्यातून आपोआप येतो.

आठवणी ढीगभर जमल्या, आणि त्यात दोन अडचणी होत्या. काही आठवणी फक्त आम्हा चौघींनाच कळणाऱ्या होत्या. आणि काही अशा होत्या, की त्या सांगायचा हक्क मला नव्हता.

पहिल्या अडचणीचं उदाहरण 'कंडक्टर' या तिच्या टोपणनावाचं. आम्ही तिघी तिला याच नावाने हाक मारतो. भाषणात मी नुसतं "आमची कंडक्टर निघाली" म्हटलं असतं, तर आम्ही तिघी हसलो असतो आणि बाकीचे पन्नास जण आमच्याकडे बघत बसले असते. आपल्यातला विनोद मांडवात न्यायचा, तर ऐकणाऱ्याला आत यायला एक पायरी ठेवावी लागते. ती पायरी एका वाक्याचीच असावी. माझ्या दुसऱ्या मसुद्यात ती सात ओळींची झाली होती. एसटी किती वाजता यायची, पास कसा काढायचा, कोण कुठल्या थांब्यावर चढायची, सगळं. विनोद येईपर्यंत ऐकणारा आसूदच्या वळणावरच उतरून गेला असता. शेवटी उरलं ते एवढंच:

"हर्णै–दापोली एसटीत आमच्या चौघींचे पैसे हिच्याकडे असायचे, सुट्टे हिच्याकडे, आणि गाडी भरली की खऱ्या कंडक्टरच्या आधी हीच ओरडायची, 'पुढे सरका, पुढे जागा आहे!'"

यात त्या गाडीने कधीही न गेलेल्या माणसालाही टोपणनाव कळतं. तिच्या रुग्णालयातल्या मेट्रनबाई मूळच्या विदर्भातल्या. ही ओळ मी मुद्दाम त्यांना आधी फोनवर ऐकवली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "वॉर्डात पण नातेवाइकांना असंच हाकलते." मला खात्री हवी होती ती मिळाली.

दुसरी अडचण जास्त नाजूक. जर्मनीला जायचं म्हणजे काय काय लागतं हे आम्ही तिच्यासोबत दोन-अडीच वर्षं पाहिलं. भाषेची आधी बी-वन, मग बी-टू परीक्षा. नर्सिंगची पदवी, गुणपत्रकं, परिषदेची नोंदणी, अनुभवाचे दाखले, या सगळ्यांचं अधिकृत अनुवादकाकडून जर्मन भाषांतर. मग तिकडच्या राज्याच्या कार्यालयाकडे शिक्षणाला मान्यता मिळावी म्हणून अर्ज, आणि महिनोन् महिने वाट. तिथून जे पत्र येतं त्याला डेफिट्सिट-बेशाइड म्हणतात. तुमच्या शिक्षणात तिकडच्या अभ्यासक्रमाच्या मानाने कुठले विषय, किती तास कमी पडतात, ते त्यात लिहिलेलं असतं. ती कमतरता तिकडे जाऊन भरून काढायची, एक तर नोकरी करत प्रशिक्षण पुरं करून, नाही तर ज्ञानाची परीक्षा देऊन. त्यानंतरच पूर्ण परिचारिका म्हणून नोंदणी होते. या पत्रावर आणि नोकरीच्या करारावर व्हिसाचा अर्ज होतो, त्याची फी ७५ युरो.

यात विनोद भरपूर होते. पण बी-टूचा तोंडी भाग तिला पहिल्या वेळी जमला नव्हता. ही परीक्षा वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण अशा चार भागांत घेतली जाते आणि राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. तिने तो दिला आणि मिळवला. त्या दिवसाचा किस्सा ती स्वतः आम्हाला फार रंगवून सांगते. पुण्यातली म्हणाली, "हा घाल, सगळे हसतील." पण तिच्या काकांना हे माहीत नव्हतं आणि ते पहिल्या रांगेत बसणार होते. आपली फजिती आपण सांगणं वेगळं आणि माइकवरून दुसऱ्याने सांगणं वेगळं. तो किस्सा काढला. तिच्या पगाराचा आकडा, लग्नाचा विषय आणि 'आता आईचं कसं होणार' हेही काढलं. आईचं कसं होणार हा प्रश्न मांडवात प्रत्येकाच्या मनात होताच, तो माइकवरून विचारला असता तर ती माउली सगळ्यांसमोर उघडी पडली असती.

कागदपत्रांतून मी दोनच गोष्टी ठेवल्या. एक, ते कमतरतेचं पत्र आलं त्या संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर बसून म्हणाली होती, "माझ्यात काय काय कमी आहे ते सासू मिळायच्या आधी जर्मन सरकारने लेखी दिलं." हे तिचंच वाक्य, तिच्याच नावावर ठेवलं. तिला विचारूनही घेतलं. काय बोलणार ते सगळं सांगायला मी तयार नव्हते, पण या एका वाक्याची परवानगी मागितली आणि तिने दिली.

दुसरी गोष्ट हिरव्या फाईलची. ती फाईल घेऊन ती रात्रीच्या एसटीने मुंबईला भाषांतरासाठी गेली, आणि आईने त्याच पिशवीत मावशीसाठी सुकट घातली होती. अनुवादक बाईंनी सकाळी फाईल उघडली आणि मान वर करून विचारलं, "तुम्ही कोकणातल्या का?" या किश्शाला पायरी लागतच नाही. आमच्याकडे सुकटीचा वास कुणाला समजावून सांगायचा?

हे सगळं एकत्र मांडल्यावर ४ जानेवारीला माझ्याकडे हसवणारे सहा-सात किस्से होते, तरी भाषण मात्र नव्हतं. एकामागून एक किस्से येत होते आणि का येत होते ते कळत नव्हतं. चिपळूणवालीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मज्जा आली, पण ही कोण आहे ते कुठे कळलं?"

उत्तर मला निसर्ग वादळाच्या आठवणीत सापडलं. ३ जून २०२०ला ते वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि आमचा हर्णै, आंजर्ले, केळशीचा पट्टा झोपवून गेलं. नारळी-पोफळी आडव्या, घरांवरची कौलं-पत्रे उडालेले, विजेचे खांब मोडलेले. कित्येक आठवडे वीज नव्हती. मुंबईत अडकलेली मुलं इकडे फोन लावत होती आणि इकडचे फोन बंद. तेव्हा ही दापोलीला ड्युटीवर जाताना वाडीतले मोबाईल गोळा करून न्यायची. रुग्णालयाला जनरेटर होता. परवानगी घेऊन, रुग्णांची गरज भागल्यावर ती ते चार्ज करून आणायची. प्रत्येक मोबाईलला रबराने चिठ्ठी बांधलेली: कुणाचा, आणि पहिला फोन कुणाला लावायचा. कारण कितीतरी म्हाताऱ्यांना नंबर लावता येत नव्हता. ती पिशवी घेऊन सड्यावर चढायची, रेंज मिळाली की एकेकाला पुढे बोलवायची.

हे लिहिताना मला दिसलं, की एसटीतली तिकिटं, मोबाईलच्या चिठ्ठ्या, आणि आता आईच्या स्वयंपाकघरातल्या चिठ्ठ्या, सगळीकडे ही मुलगी एकच काम करते आहे. कुणाचं काय आहे ते लिहून ठेवायचं आणि ज्याचं त्याला पोचवायचं. स्वयंपाकघरातल्या चिठ्ठ्या म्हणजे जर्मन शिकताना तिने घरभर चिकटवलेली नावं. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. डेअर ल्योफेल, डी गाबेल, दास मेसर. आईने ते तिच्याआधी पाठ केलं आणि लिंग चुकलं तर चहा द्यायची नाही.

हा धागा मिळाल्यावर निवड सोपी झाली. चिठ्ठीचा किस्सा असेल तो ठेवायचा, नाही तो सोडायचा. हर्णैच्या लिलावात तिने बोली लावल्याचा माझा आवडता किस्सा यात बसत नव्हता, तो मी सोडला. सुकटीची फाईल ठेवली, कारण त्यातही कागदच होते. क्रमही ठरला: आधी एसटी, मग वादळ, मग फाईल आणि पत्र, मग स्वयंपाकघर. गंभीर भाग मुद्दाम मधे घेतला. तो शेवटी ठेवला असता तर माझा आवाज तिथे नक्की बसला असता आणि ग्लास वर करायचे राहून गेले असते. मधे असला की पुढे सुकट आहे हे मला माहीत असतं, त्या आधाराने निभावता येतं.

मग वेळ. मोबाईलवर घड्याळ लावून मोठ्याने वाचलं. मनातल्या मनात वाचलेलं दोन मिनिटांत संपतं, मोठ्याने तेच चारच्या पुढे जातं. साधारण साडेतीनशे शब्दांवर आणलं तेव्हा तीन मिनिटं झाली, त्यात लोक हसतात तो वेळ धरला तर चार. वाचताना आणखी एक कळलं. 'परिश्रम', 'वाटचाल', 'प्रस्थान' असे शब्द तोंडात अडकत होते. तिच्याशी बोलताना मी जो शब्द वापरत नाही तो काढला. 'ती' म्हणून लिहिलेलं होतं, त्याचं शेवटच्या परिच्छेदात 'तू' केलं. आधी लोकांना तिच्याबद्दल सांगायचं आणि शेवटी तिच्याकडे वळून तिच्याशी बोलायचं. हा बदल छोटा आहे, पण भाषण तिथेच तिचं झालं.

८ जानेवारीला कार्यक्रमाची बाकीची कामं उरकली. सभामंडपासाठी देवस्थानच्या समितीला साध्या कागदावर अर्ज दिला, तारीख, वेळ आणि जबाबदार माणसाचं नाव लिहून. देणगी ५०० रुपये. माइक आणि दोन स्पीकर भाड्याने १,५०० रुपये. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, म्हणून बोलणं आठच्या आत आणि जेवण नंतर असं ठेवलं. भाषण जेवणाआधीच ठेवा. पानं मांडल्यावर पोरं बसत नाहीत आणि वाढपी थांबत नाहीत.

कागदाबद्दल एक सांगते. मोबाईलवर बघून वाचू नका, मधेच फोन येतो. मी जाड पुठ्ठ्याच्या तीन कार्डांवर मोठ्या अक्षरात लिहिलं, एकाच बाजूला, कोपऱ्यात आकडा घालून. संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटतो, साधा कागद हातात ठरत नाही. जिथे आवाज भरून येईल असं वाटलं तिथे समासात 'थांब' लिहून ठेवलं.

११ तारखेला साडेसातला बोलायला उभी राहिले. एसटीच्या ओळीवर मांडव हसला. वादळाच्या वेळी शांत झाला, आणि मागे बसलेल्या एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "माझा पण होता त्यात!" ते माझ्या कार्डावर नव्हतं. मी थांबले, आजींना बोलू दिलं. त्यांनी मुलाला सड्यावरून केलेला फोन सांगितला आणि मग मी पुढची ओळ घेतली. असं कुणी बोललं तर घाई करू नका. लोकांनी आपली आठवण जोडली म्हणजे भाषण पोचलंय. फाईलच्या सुकटीला काकासुद्धा हसले. आणि स्वयंपाकघराच्या चिठ्ठ्यांवर सगळ्यांनी आईकडे पाहिलं, तेव्हा त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "दास मेसर!" टाळ्या तिथे सगळ्यात जास्त पडल्या.

शेवटचा भाग असा होता:

"तू आमचे पैसे सांभाळलेस, आमचे मोबाईल सांभाळलेस, आईच्या चमच्याचं लिंगसुद्धा सांभाळलंस. आता तुझ्या नावाची एक चिठ्ठी आमच्याकडे आहे. आईच्या गोळ्या सोमवार ते बुधवार मी बघणार, गुरुवारपासून शेजारच्या वहिनी. सिलिंडर मावसभाऊ बुक करणार. हे सगळं लिहून फ्रीजवर लावलंय, तू लावतेस तसंच. तुला दारात रेंगाळायचं काही कारण राहिलेलं नाही. गाडीत आयुष्यभर जे तू आम्हाला सांगितलंस, ते आज आम्ही तुला सांगतो."

आणि मी ग्लास वर केला. आम्ही तिघींनी आधी ठरवलं होतं, पण आमच्या आधीच अख्खा मांडव ओरडला, "पुढे सरका, पुढे जागा आहे!"

'आठवण ठेव'च्या जागी आईच्या गोळ्यांचं वाटप घालायचं मला ९ तारखेला रात्री सुचलं. त्यासाठी आधी वहिनींना आणि मावसभावाला खरंच विचारून घेतलं. भाषणात दिलेला शब्द दुसऱ्या दिवसापासून पाळावा लागतो, म्हणून जे ठरलं नव्हतं ते एकही त्यात घातलं नाही.

जेवणं झाल्यावर तिने माझ्याकडून कार्डं मागून घेतली. पेट्रोमॅक्सच्या उजेडात बसल्यासारखी स्पीकरवाल्याच्या एका बल्बखाली बसून तिने ती वाचली, पेन मागितलं आणि दुसऱ्या कार्डावर वादळाच्या ओळीखाली बारीक अक्षरात लिहिलं: "एका मोबाईलला चिठ्ठी नव्हती. दोन दिवस कुणी न्यायला आलं नाही. तो बंदरावरच्या खलाशाचा निघाला, त्याने कारवारला बहिणीला फोन लावला." हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. कार्डं तिने हिरव्या फाईलमध्ये घातली आणि मला म्हणाली, "याची झेरॉक्स काढून ठेव हो, मला मूळ प्रत हवी."